एका दमाच्या तीन वाटा

मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या असाइनमेंटमध्ये मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचा ‘कन्सेप्ट मॅप’ काढायला सांगितला, की बरेच विद्यार्थी कागदाच्या मधोमध आजाराचं नाव लिहून गोल करतात आणि चहूबाजूंना रेघा ओढतात: सूज, रक्तक्षय, खाज, मळमळ, थकवा. कागद भरतो, पण ती नुसती यादीच होते. १९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी ही पद्धत विकसित केली, तिचा जीव दोन चौकटींना जोडणाऱ्या रेघेवरच्या शब्दांत आहे. ‘साठवते’, ‘कमी करते’, ‘वाढवते’ असं काही लिहिलं नाही, तर एकातून दुसरं कसं निघालं ते कळत नाही. आणि नर्सचं काम ठरतं ते तिथेच.

समजा, वॉर्डात ५८ वर्षांचे एक काका आहेत. मधुमेह जुना, रक्तदाबही आहे. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता निरोगी तरुण माणसात मिनिटाला साधारण १०० मिलिलिटर असते, काकांची १२ वर आली आहे. १५ च्या खाली म्हणजे आजाराचा पाचवा, शेवटचा टप्पा. डायलिसिस अजून सुरू नाही. काका म्हणतात, “सिस्टर, दम लागतोय.”

या दमाकडे नकाशात तीन वाटा येतात. पहिली पाण्याची. मूत्रपिंड मीठ आणि पाणी बाहेर टाकत नाही, ते अंगात साठतं, पायांवर सूज येते आणि शेवटी फुफ्फुसात पाणी उतरतं. अशा रुग्णाला आडवं झालं की जास्त गुदमरतं, स्टेथोस्कोपमधून फुफ्फुसात चरचर ऐकू येते आणि दोन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलेलं असतं. दुसरी वाट रक्ताची. तांबड्या पेशी तयार करायला अस्थिमज्जेला सांगणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडातच बनतं. ते घटलं की हिमोग्लोबिन उतरतं. फक्त हेच कारण असेल, तर माणूस फिका दिसतो, जिना चढताना धापा टाकतो, पण फुफ्फुसं स्वच्छ ऐकू येतात. तिसरी वाट आम्लाची. रक्तात साठलेलं आम्ल कमी करायला शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकू लागतं, त्यामुळे श्वास खोल आणि जलद होतो.

आजाराचं निदान डॉक्टर करतात, त्यामुळे ‘किडनी फेल्युअर’ ही नर्सिंगची समस्या म्हणून लिहून चालत नाही. इथे गुण जातात. काकांच्या बाबतीत लिहायचं ते असं: मीठ-पाणी बाहेर टाकता न आल्यामुळे शरीरात द्रव जास्त, पुरावा म्हणजे पायांवरची सूज, फुफ्फुसातली चरचर आणि वाढलेलं वजन. कारण आणि पुरावा असा जोडून आला की उपाय आपोआप पुढे येतात. उशाकडचा भाग उंच करायचा, ऑक्सिजनची पातळी बघायची, डॉक्टरांना कळवायचं आणि सांगितलेलं लघवीचं औषध वेळेवर द्यायचं. वजन रोज सकाळी लघवीनंतर, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. एक किलो वाढ म्हणजे साधारण एक लिटर पाणी. पिण्याचं माप ठरवताना बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवसाच्या लघवीत ५०० मिलिलिटर मिळवतात. काकांना काल ४०० मिलिलिटर लघवी झाली, म्हणजे आज ९०० मिलिलिटर. त्यात चहा, आमटी, ताक आणि गोळीबरोबरचा घोटही आला.

नकाशाची खरी कसोटी आडव्या रेघांत लागते. काकांचं हिमोग्लोबिनही कमी आहे, मग रक्त चढवायचं? ती पिशवी म्हणजे आणखी द्रव, आणि साठवलेल्या रक्तात पोटॅशियम वाढलेलं असतं. हे पोटॅशियम काकांचं मूत्रपिंड टाकू शकत नाही आणि जास्त झालं तर हृदयाची लय बिघडते. रक्ताच्या चौकटीतून निघालेला उपाय असा पाण्याच्या आणि हृदयाच्या चौकटीवर जाऊन आदळतो. म्हणून डॉक्टरांनी रक्त चढवायला सांगितलं, तर नर्स वेग जपते, मध्ये मध्ये फुफ्फुसं ऐकते, मॉनिटरवर लक्ष ठेवते. एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनचीही अशीच आडवी रेघ आहे: त्यानं रक्तदाब चढू शकतो, म्हणून आधी रक्तदाब मोजायचा. आम्लावर दिलेला सोडा बायकार्बोनेट सोडियम घेऊनच येतो, म्हणजे तोही पाण्याच्या चौकटीकडे वळतो. या दोन-तीन आडव्या रेघा ज्यानं काढल्या, त्याला आजार समजला असं मी म्हणेन, मग अक्षर कितीही वाईट असो.

शेवटची चौकट मूल्यमापनाची, आणि ती बहुधा घाईत ‘रुग्णाला बरे वाटले’ एवढ्यावर उरकली जाते. तिथे आकडा हवा: वजन किती उतरलं, चरचर कुठवर राहिली. वजन हललं नाही, तर घरून आलेला डबा उघडून बघायचा. लोणचं, पापड असेल तर तहान का आवरत नाही ते कळतं. आणि घरच्यांनी काळजीपोटी ‘कमी सोडियमचं’ मीठ वापरलं असेल, तर ते बंद करायला सांगून डॉक्टरांना कळवायचं, कारण त्यात सोडियमच्या जागी बहुतेक वेळा पोटॅशियम असतं.