निळी पावडर की पांढरी?

केसांना सोनेरी किंवा मधासारख्या बटा काढून घ्यायला येणाऱ्या मुली हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात, 'ताई, निळी पावडर जास्त स्ट्राँग असते ना?' पार्लर शिकायला येणाऱ्या मुलींचाही हाच समज असतो. म्हणून आज त्याबद्दलच बोलते. चेहऱ्याला लावतात ते ब्लीच वेगळं. केसांची ही पावडर चेहऱ्याला कधीही लावायची नाही.

पावडर निळी असो वा पांढरी, तिच्यात काम करणारे मुख्य पदार्थ तेच असतात. परसल्फेट नावाचे क्षार आणि अल्कली. त्यात डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम मिसळलं की केसातलं काळं रंगद्रव्य तुटू लागतं. मग निळा रंग कशाला? पांढऱ्या कपड्यांना आपण नीळ देतो ना, तसंच हे आहे. निळीने मळ निघत नाही, फक्त पिवळट झाक मारली जाते. काळा केस उजळताना आधी लालसर, मग नारिंगी आणि शेवटी पिवळा होत जातो. निळा रंग या नारिंगी झाकेला थोडा दाबतो. पण थोडाच. नारिंगी झालेला केस केवळ निळ्या पावडरीने मधाळ होत नाही. त्यासाठी नंतर टोनर लावावाच लागतो.

निळ्या पावडरीची एक अडचणही आहे. लेप निळसर असल्यामुळे खालचा केस खरा किती उजळला ते नीट दिसत नाही. पांढऱ्या लेपाखाली ते लवकर कळतं. म्हणून नवशिक्या मुलींच्या हाती मी आधी पांढरी पावडर देते. निळी वापरायची असेल तर दर दहा मिनिटांनी एका बटेवरचा लेप ओल्या कापसाने पुसून रंग बघायचा आणि पुन्हा लेप लावायचा.

केस एकसारखे उजळतात की ठिपक्याठिपक्यांनी, हे पावडरीच्या रंगापेक्षा लेपाच्या घट्टपणावर ठरतं. एकास एक प्रमाणात कालवलं तर लेप चक्क्यासारखा होतो. उघड्या केसांवर ब्रशने रेघा ओढायला तो बरा, कारण ओघळत नाही. पण दाट केसांत तो आतपर्यंत शिरत नाही आणि लवकर वाळतो. लेप वाळला की काम थांबलं! एकास तीन केलं तर ताकासारखा पातळ होतो. तो भरभर पसरतो, पण फॉइलमधून मुळाशी झिरपतो आणि तिथे नको असलेले डाग पडतात.

समजा, खांद्यापर्यंतचे, कधीही न रंगवलेले काळे केस आहेत आणि फॉइलमध्ये दहा-बारा बटा काढायच्या आहेत. मी ३० ग्रॅम पावडर आणि ६० मिलिलिटर, सहा टक्क्यांचा डेव्हलपर घेते. दोन्ही काट्यावर मोजते, चमच्याच्या अंदाजाने नाही. भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं, धातूचं नको. गुठळ्या मोडेपर्यंत ढवळलं की फेटलेल्या दह्यासारखा लेप होतो. ब्रश उचलला तर त्यावर टिकतो, टपटपत नाही. बट पातळ घ्यायची आणि दोन्ही बाजूंनी भिजवायची. मुळाकडचा सुमारे एक-दीड सेंटिमीटर भाग शेवटी, कारण डोक्याच्या उबेने तो लवकर उजळतो. आधी तिथेच लावलं तर मुळं पिवळी आणि खाली नारिंगी पट्टा, असं दिसतं. मध्येच लेप कोरडा, खडूसारखा झाला तर पाणी न शिंपडता ताजा लेप लावायचा. पाकिटावर दिलेल्या वेळेपलीकडे मात्र ठेवायचं नाही. तोवर हवा तितका रंग आला नाही, तर उरलेलं काम दुसऱ्या दिवसासाठी. ओला केस रबरासारखा ताणला जाऊ लागला तर पुन्हा ब्लीच नाहीच.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पावडर उडू देऊ नका, खिडकी उघडी ठेवा. परसल्फेटच्या धुळीने पार्लरमध्ये काम करणाऱ्यांना दमा जडल्याची उदाहरणं आहेत. आणि केसांना पूर्वी मेंदी किंवा काळी मेंदी लावली असेल तर ते आधी सांगा. काही तयार मिश्रणांत धातूंचे क्षार असतात, त्यांच्याशी पेरॉक्साइडचा संबंध आला की केस गरम होऊन तुटतो. म्हणून विंचरताना गळलेले चार केस लेपात बुडवून बघायचे. वाफ आली, गरम लागले किंवा रंग विचित्र झाला, तर निळी नाही आणि पांढरीही नाही. ते केस वाढून कापले जाईपर्यंत थांबायचं.