दहा रुपयांची सूट केवढ्याला पडते?

ओळखीच्या एका ताईंना पोळीभाजी केंद्रातल्या थाळीवर दहा रुपये सूट द्यायची होती. म्हटलं, आधी ब्रेक-इव्हनचा आलेख काढू.

आडव्या अक्षावर थाळ्या, उभ्यावर रुपये. भाडं-पगार धरून महिन्याचा स्थिर खर्च 30,000, ही रेघ सपाट. थाळीमागे सामान 50 रुपयांचं, म्हणून एकूण खर्चाची रेघ 30,000 पासूनच चढते. विक्रीची मात्र शून्यापासून.

80 रुपये दराने या दोन रेघा 1,000 थाळ्यांवर छेदतात. तिथे ना नफा, ना तोटा.

दर 70 केला की छेदबिंदू थेट 1,500 वर! कारण थाळीमागे 30 ऐवजी 20च उरतात. त्यात जास्तीच्या थाळ्यांसाठी आणखी एक मदतनीस ठेवली, तर सपाट रेघही वर सरकते. (हे हमखास विसरलं जातं.)

तुमच्या धंद्याचे आकडे कमेंटमध्ये टाका, मिळून आलेख काढू.