मामेभावाची खानावळ
लेखमाला : चव आणि चिकित्सा – भाग ७

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की, परीक्षण लिहायचं असेल तर न सांगता जावं आणि बिल स्वतः भरावं. त्यावर एका वाचकाने विचारलं, ‘खानावळ घरच्याच माणसाची असेल तर?’ यंदा जूनमध्ये माझ्यावरच तो प्रसंग आला.

माझा थोरला मामेभाऊ मालवणजवळ घरगुती खानावळ चालवतो. दहा जूनच्या दुपारी मी तिथे जेवलो आणि परतीच्या गाडीत परीक्षणाचा कच्चा मजकूर लिहून टाकला : ‘ताजी सुरमई, मोठा तुकडा, अस्सल घरगुती चव, झटपट वाढप. मालवणला गेलात तर इथे जाच.’ यातला एकही शब्द मी खोटेपणाने लिहिला नव्हता. तरीही पाचांपैकी चार गोष्टी वाचकाच्या उपयोगाच्या नव्हत्या आणि पाचवी चुकीची होती. ते कसं, ते एकेक करून पाहू.

आधी तुकडा. माझ्या ताटातली सुरमई बोटभर जाड होती. शेजारच्या टेबलावर त्याच थाळीत आलेला तुकडा जेमतेम निम्म्या जाडीचा होता. वहिनीने मला मुद्दाम मधला तुकडा वाढला होता. यात तिचं काही चुकलं नाही, आल्या-गेल्याला वाढायची ती रीतच आहे. पण मी जेवलो ती थाळी विकायला नव्हतीच. वाढपाचंही तसंच झालं. मी बसलो आणि ताट आलं. बिलाचं नाव काढलं तर दादा रागावला.

म्हणून दोन दिवसांनी मी माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला तिथे पाठवलं. ते मालकाच्या ओळखीचे नव्हते. त्यांना मी चारच गोष्टी टिपायला सांगितल्या : ताट यायला लागलेला वेळ, तुकड्याची जाडी, बिलावरची प्रत्येक ओळ आणि ताटात काय उरलं ते. त्यांचं ताट चाळीस मिनिटांनी आलं. तुकडा शेजाऱ्याच्या तुकड्याएवढाच होता. सोलकढीच्या दुसऱ्या वाटीचे वेगळे पैसे लागले, आणि ते फलकावर लिहिलेलं नव्हतं. बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण मात्र दोघांनी वाटी पुसून संपवलं.

आता ‘ताजी’ हा शब्द. महाराष्ट्रात १ जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीला पावसाळी बंदी असते. त्यामुळे दहा जूनला ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातली किंवा बाहेरून आलेली असणार. दुसऱ्या कुणाच्या खानावळीत मी हे पहिल्या घासालाच विचारलं असतं. इथे सुचलंसुद्धा नाही. नात्यामुळे आपण खोटं लिहितो असं सहसा होत नाही. जो प्रश्न विचारायचा तो सुचतच नाही, एवढंच होतं. आणि आपल्या हातून कोणता प्रश्न राहिला, हे आपल्याला कधी कळत नाही. यासाठीच नातं वाचकाला सांगायचं असतं. मी जिथे थांबलो तिथे त्याने शंका घ्यावी.

ही केवळ सभ्यतेची गोष्ट राहिलेली नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने त्यांचा खुलासा केला. शिफारस करणाऱ्याने जे हितसंबंध उघड करायचे, त्यांत पैसे, फुकट वस्तू आणि सवलतींबरोबर कौटुंबिक आणि वैयक्तिक नातंही धरलं आहे. हे नियम जाहिराती आणि शिफारशींसाठी आहेत, पण साध्या परीक्षणालाही हेच माप लावायला हरकत नाही.

मात्र ‘मालक माझे नातलग आहेत’ एवढं लिहून आपण मोकळे होत नाही. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टीन आणि डॉन मूर या अमेरिकेतल्या संशोधकांचा २००५ सालचा एक प्रयोग आहे. नाण्यांनी भरलेल्या बरणीत किती रक्कम आहे, हे एकाने दुरून बघून सांगायचं. दुसऱ्याने बरणी जवळून पाहून त्याला सल्ला द्यायचा. काही सल्लागारांना, समोरच्याचा अंदाज जितका फुगेल तितके जास्त पैसे मिळणार होते. हा हितसंबंध समोरच्याला सांगून टाकला, तेव्हा सल्लागारांनी आकडे आणखी फुगवले. ऐकणाऱ्यांनी त्यातून थोडी वजावट केली, पण ती पुरेशी नव्हती. एकदा सांगून टाकलं की सांगणाऱ्याचं मन सैल पडतं, आणि ऐकणाऱ्याला नेमकं किती वजा करायचं ते कळत नाही.

म्हणून वाचकाला वजाबाकीचा आकडाही हातात द्यावा. माझ्या परीक्षणाची सुरुवात शेवटी अशी झाली :

‘ही खानावळ माझ्या सख्ख्या मामेभावाची आहे. फ्रीज घ्यायला मी त्याला उसने पैसे दिले होते, ते परत मिळाले आहेत. मी जेवलो तेव्हा माझ्याकडून बिल घेतलं नाही आणि मला इतरांपेक्षा मोठा तुकडा वाढला. वेळ, तुकडा आणि बिल यांबद्दल खाली जे लिहिलं आहे, ते मालक ओळखत नसलेल्या आणि पैसे भरून जेवलेल्या दोघांच्या अनुभवावरून. चवीबाबत माझ्यावर विसंबू नका. वहिनीचं वाटप माझ्या मामीच्या हाताखाली तयार झालं आहे आणि मी त्यावरच वाढलो.’

उसनवारी फिटली नसती तर मी हे परीक्षण लिहिलंच नसतं. धंदा चालला तरच आपले पैसे सुटणार असतील, तर नुसतं उघड केल्याने भागत नाही, लेखणी खाली ठेवावी लागते.

हा मजकूर मी पहिल्या परिच्छेदात ठेवला. तळाशी टाकलेली टीप वाचेपर्यंत मत बनून गेलेलं असतं. तारेही दिले नाहीत, कारण तारे आणि ‘इथे जाच’ अशी वाक्यं सुटी होऊन खानावळीच्या फलकावर जाऊन बसतात, आणि नात्याचा खुलासा मागे राहतो.

उलट बाजूचाही मोह आवरावा लागला. आपण निःपक्षपाती आहोत हे दाखवण्याच्या भरात मी कालवणावरचं चांगलं वाक्य खोडलं होतं. ते पाहुण्या जोडप्याचं मत होतं, माझं नव्हे. नातं लपवून केलेली स्तुती जशी खोटी, तशी नातं मिरवून केलेली निंदाही खोटीच. दोन्हींना एकच कसोटी लावावी : शेजारच्या खानावळीबद्दल मी हे वाक्य याच शब्दांत लिहिलं असतं का? मी ते वाक्य परत घातलं.

छापण्याआधी दादाला मजकूर दाखवला नाही. दाखवला असता तर एकेका शब्दाची घासाघीस सुरू झाली असती. फोनवर फक्त उणिवा सांगितल्या आणि काही वस्तुस्थिती चुकत असेल तर सांग म्हटलं. सोलकढीचं त्याने मान्य केलं. सुरमई बर्फातली होती हेही मान्य केलं, पण लगेच म्हणाला, “ता कित्याक लिवलंस रे? सगळेच देतत.” सगळेच देतात, हेही मी लिहिलं. त्यानंतर गणपतीपर्यंत त्याचा फोन आला नाही. वहिनीचा मात्र आला. फलकावर सोलकढीचा दर घातल्याचं तिने सांगितलं.

पुढच्या भागात : मालकाने लेखातली चूक दाखवली, तर दुरुस्ती कशी छापावी.