दोरी तीन फुटांवर

हॉलमध्ये तंबू करायचा म्हटलं की मोठी माणसं पहिली चूक करतात ती उंचीची. आम्हीही केली. दोरी माझ्या खांद्याच्या उंचीवर बांधली, तिच्यावर डबलबेडची चादर टाकली, तर आत दोन मुली कशाबशा मावल्या. उरलेल्या दोघी बाहेर बसून विचारत होत्या, "काकू, आमचं काय?"

हिशेब सोपा आहे. चादर साधारण नऊ फूट लांब असते. ती दोरीवरून दोन्ही बाजूंना सारखी सोडली, की प्रत्येक बाजूला साडेचार फूट कापड येतं. दोरी चार फुटांवर असेल तर जवळपास सगळं कापड उंचीतच संपतं आणि खाली जेमतेम चार फूट रुंदी मिळते. तीच दोरी तीन फुटांवर आणली की रुंदी साडेसहा फुटांच्या पुढे जाते. तेवढ्यात दहा वर्षांची चार मुलं शेजारी शेजारी झोपतात. मधोमध मांडी घालून बसलं तरी डोकं कापडाला लागत नाही. त्या संध्याकाळी आम्ही फक्त दोरी खाली घेतली आणि चौघीही आत आल्या.

दोरीचं एक टोक खिडकीच्या ग्रिलला बांधा. दुसऱ्या टोकाला लाटणं बांधा, ते बेडरूमच्या आत ठेवा आणि दार लावून घ्या. लाटणं पलीकडे अडकतं, दोरी फटीतून इकडे येते. दार बेडरूमच्या आतल्या बाजूला उघडणारं हवं, म्हणजे दोरीचा ताण त्याला बंदच ठेवतो. हे दार रात्रभर उघडायचं नाही, म्हणून बाथरूमच्या वाटेवरचं दार निवडू नका. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना दोरी बांधली तर पहिल्याच ओढीला खुर्ची आडवी होते, आणि टीव्हीच्या स्टँडला तर हातही लावू नका. चादर दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी धरा. खालच्या चार कोपऱ्यांवर तांदळाच्या किंवा डाळीच्या पिशव्या ठेवा. वजन जमिनीवरच असावं, कारण उंचावर ठेवलेला डबा कधी ना कधी डोक्यावर येतो.

चादर सुतीच घ्या आणि तंबूची दोन्ही तोंडं उघडी ठेवा. छताचा पंखा जोरात लावला की चादर फुगून उडते, म्हणून टेबलफॅन थोडा लांब, एका तोंडाशी ठेवा. मेणबत्ती, उदबत्ती किंवा डासांची कॉइल आत नको.

उजेडाला प्रत्येकाची आपली टॉर्च हवी. आतल्या दिव्यासाठी टॉर्च उभी धरून तिच्यावर पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली ठेवा. झोत पाण्यात पसरतो आणि डोळ्यांवर येत नाही. गोष्टीसाठी मात्र एकच दिवा असलेली टॉर्च घ्या. अनेक बारीक दिव्यांच्या टॉर्चने एकाच हाताच्या चार-पाच पुसट सावल्या पडतात. टॉर्च चादरीपासून चार-पाच फुटांवर ठेवा. हात चादरीजवळ असेल तर सावली लहान आणि रेखीव पडते, टॉर्चजवळ नेला की ती राक्षसाएवढी होते. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, तोही पडदा आणि मागचा उजेड यांवरच चालतो.

ज्याच्या हातात टॉर्च, त्याने गोष्ट पुढे न्यायची. पाच-सहा वाक्यं झाली की टॉर्च पुढच्याकडे. या वयाला भुताची गोष्ट हवीच असते, पण ती आधी सांगून घ्या आणि शेवटी विनोदी ठेवा. एखादं मूल एकदम गप्प झालं किंवा विनाकारण "बाथरूमचा दिवा चालू आहे ना?" असं विचारू लागलं, की भूत आवरतं घ्यायचं.

खाण्याला भडंग उत्तम. चौघांना शंभर ग्रॅम कुरमुरे आणि मूठभर शेंगदाणे पुरतात. दुपारीच तेलात लसूण, कढीपत्ता, हळद आणि तिखट परतून त्यात कुरमुरे घोळवा. भडंग कोरडा असल्याने रात्रीपर्यंत कुरकुरीत राहतो. ओल्या भेळेचे कुरमुरे दहा मिनिटांत मऊ पडतात आणि चटणी गादीवर सांडते. शेंगदाणे कुणाला चालत नाहीत का, हे पाहुण्या मुलांच्या आयांना आधी विचारा. खाणं वाटीत द्या आणि तंबूच्या तोंडाशी उरका, नाहीतर मध्यरात्री मुंग्या येतात.

दोरीचा जो भाग चादरीबाहेर राहतो, त्यावर पांढरे नॅपकिन टाका. तीन फुटांवरची दोरी अंधारात दिसत नाही आणि मुलांच्या छातीशी येते. सकाळी आवरतानाही याच कारणासाठी आधी दोरी सोडा, मग चादर काढा. चादर आधी ओढून नेली की मागे नुसती दोरी उरते, आणि तिच्यात पहिला अडकतो तो चहाचा कप घेऊन येणारा माणूस.