तिरकी बाजू म्हणजे उंची नव्हे

आठवीच्या वर्गासाठी केलेली एक सरावपत्रिका घ्या. पहिल्या आकृतीत समांतरभुज चौकोन आहे. पाया १० सेमी, तिरकी बाजू ५ सेमी आणि आत तुटक रेषेने दाखवलेला लंब ४ सेमी. क्षेत्रफळाला दोनच मापे लागतात, तरी तीन मुद्दाम दिली आहेत. खरे उत्तर १० × ४, म्हणजे ४० चौसेमी. वहीत ५० आले, तर मुलाने तिरक्या बाजूलाच उंची मानले. २० आले, तर त्याने त्रिकोणाचे सूत्र इथे लावले. चुकीचे उत्तरही काय बिघडले ते सांगते, म्हणून अशा पत्रिकेत आकडे विचारपूर्वक निवडावे लागतात.

गैरसमज : बाजू तेवढ्याच असतील, तर क्षेत्रफळही तेवढेच.

वस्तुस्थिती : १० आणि ५ सेमीच्या प्रत्येकी दोन पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकट करावी. ती काटकोनात उभी असताना आत ५० चौसेमी जागा असते. ती कलती केली की बाजू तशाच राहतात, पण उंची घटते. उंची ४ सेमीवर आली की क्षेत्रफळ ४०, आणि ३ सेमीवर आली की ३० चौसेमी. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त चौकोनाबद्दल हेच बजावले आहे : नुसत्या बाजूंवरून क्षेत्रफळ ठरत नाही, लंब किंवा कर्ण यांपैकी काहीतरी कळायला हवे.

गैरसमज : उंची आकृतीच्या आतच असते.

वस्तुस्थिती : बाजू ४, १३ आणि १५ सेमी असलेला त्रिकोण विशालकोन आहे. ४ सेमीची बाजू पाया धरली, तर समोरच्या शिरोबिंदूतून टाकलेला लंब पायावर पडतच नाही. पाया १३ सेमीच्या बाजूकडे आणखी ५ सेमी वाढवला, की तिथे १२ सेमीचा लंब मिळतो. क्षेत्रफळ ½ × ४ × १२, म्हणजे २४ चौसेमी. इथे ५४ हे उत्तर सर्रास येण्यासारखे आहे, कारण वाढवलेले ५ सेमीही पायात मिळवले जातात आणि पाया ९ होतो. वाढवलेली रेषा फक्त लंब टाकण्यासाठी असते. २६ आले असेल, तर १३ सेमीची बाजू उंची मानली गेली.

गैरसमज : बाजू कधीच उंची नसते.

वस्तुस्थिती : पहिल्या सापळ्यातून सुटलेली मुले नेमकी इथे अडकतात. ६, ८ आणि १० सेमीच्या काटकोन त्रिकोणात ६ आणि ८ या बाजू एकमेकींना लंब आहेत. एक पाया, दुसरी उंची, क्षेत्रफळ २४ चौसेमी. ‘ही रेषा पायाशी काटकोन करते का?’ एवढेच पाहायचे असते.

पत्रिका करणाऱ्या शिक्षकांसाठीही एक पडताळा आहे. एकाच शिरोबिंदूतून निघालेला लंब तिरक्या बाजूपेक्षा लहानच असतो. तिरकी बाजू ४ आणि उंची ५ सेमी लिहिली गेली, तर तशी आकृती काढताच येत नाही.