चार्जिंगचा सेल कितव्यांदा परवडतो?

समजा, चार्जर आणि चार एए सेल मिळून 1,200 रुपयांना पडले, आणि वापरून फेकायचे चार अल्कलाइन सेल 160 रुपयांना मिळतात. 1,200 ला 160 ने भागलं की साडेसात येतात, म्हणजे आठव्या वापराला पैसे वसूल. चारही सेल एकदा चार्ज करायला लागणारी वीज काही पैशांचीच असते.

पर्यावरणाचा हिशेब मात्र उशिरा जुळतो. या सेलमधलं निकेल खाणीतून काढून शुद्ध करताना प्रदूषण होतं. कार्बन, पाणी, विषारी कचरा यांपैकी काय मोजता त्यावर आकडा बदलतो. पण काही डझन वेळा चार्ज केल्याशिवाय सगळ्या बाबतींत सरशी होत नाही.

म्हणून सेल कुठे घालता, हे महत्त्वाचं. मुलाच्या रिमोटच्या गाडीत आठवड्याला सेल संपत असतील, तर वर्षात पन्नासेक वेळा चार्जिंग होतं. भिंतीवरच्या घड्याळाला एक सेल वर्षभर पुरतो. तिथे चार्जिंगचा सेल आठ वापर होण्याआधीच म्हातारा होईल. घड्याळात साधाच सेल बरा.