ऐंशीला हलणारं स्टीअरिंग

समृद्धी महामार्गावर गाडी ऐंशीला पोचली की स्टीअरिंग थरथरू लागतं. बहुतेकांचा पहिला अंदाज असतो व्हील बॅलन्सिंगचा, आणि पुष्कळदा तो बरोबरही ठरतो. पण बॅलन्सिंग बिघडलेलं असेल तर थरथर एका ठरावीक वेगाला जोरात येते आणि त्याच्या पुढे-मागे कमी होते. इथे मात्र वेगाबरोबर ती वाढतच जाते. शिवाय टोलनाक्याजवळ गाडी तीसवर आली तरी डोलते, प्रत्येक फेऱ्याला ‘धप-धप’ असा आवाज येतो. अशा वेळी संशय टायरवर घ्यावा.

रेडियल टायरच्या नक्षीखाली बारीक पोलादी तारांचे दोन पट्टे असतात. त्यांच्या कडेला रबराची पकड सुटू लागली की तिथे पोकळी होते आणि नक्षी वर उचलली जाते. हवा कमी, ओझं जास्त, त्यात उन्हाळा, म्हणजे टायर अधिक दबतो, तापतो आणि पोकळी पसरते. ताशी शंभरला मोटारीचं चाक सेकंदाला साधारण चौदा-पंधरा फेरे मारतं. वेग दुप्पट झाला की नक्षीला बाहेर खेचणारा जोर चौपट होतो.

अमेरिकेत फायरस्टोनने ९ ऑगस्ट २००० रोजी सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले, ते याच दोषापायी. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या टायरची नक्षी धावता धावता सुटत होती आणि गाड्या उलटत होत्या.

तपासणी अवघड नाही. गाडी सपाट जागी लावून, बाकीच्या चाकांना दगड देऊन, संशयित चाक जॅकवर उचलावं. नक्षीपासून बोटभर अंतरावर एक स्क्रूड्रायव्हर स्थिर धरावा आणि चाक हाताने हळू फिरवावं. फेऱ्यात एकाच जागी अंतर कमी झालं, तर तिथे टायर फुगलाय. आतली बाजूही बॅटरीने बघावी; ती नेहमी राहून जाते. वजनं लावूनही थरथर परतत असेल, तर पुन्हा बॅलन्सिंग करण्यात पैसे घालू नयेत.

टायरच्या बाजूला लिंबाएवढा गोळा दिसला, तर तो वेगळा प्रकार. खड्ड्यात आदळून आतले धागे तुटलेले असतात आणि हवा फक्त रबराने थोपवलेली असते. बाजूवरचा उभा, उथळ खळगा मात्र बहुधा धाग्यांच्या जोडाचा असतो आणि तो घातक नसतो.

फुगवटा कुठलाही असो, ‘हळू हळू घरी नेतो’ हा हिशेब धोक्याचा. पंक्चरवाल्याचं पॅच इथे चालत नाही, आणि हवा कमी केली तर टायर आणखी तापतो. गाडी बाजूला घ्यावी, स्टेपनी चढवावी आणि तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळावी. स्टेपनी नसेल तर टोइंग. असा टायर मागे टाकून निभावेल असंही मानू नये: मागचा फाटला की गाडीची शेपटी फिरते आणि ती सावरणं पुढच्यापेक्षा कठीण जातं. स्टेपनीवरचे शेवटचे चार आकडेही वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा.